चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली? पोराला मोठ्यानं बोलू द्या

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी चहाच्या आधी एक आकडा विचारला जातो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. तेव्हा गणितही त्याच पाण्यावरचं घेऊ.

"सकाळी राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 39 फूट 11 इंच होती. संध्याकाळी ती 40 फूट 2 इंच झाली. धोका पातळी 43 फूट आहे. दिवसभरात पाणी किती वाढलं?"

उत्तर 3 इंच. एक इंच चढलं की 40 फूट होतात, त्यावर आणखी दोन. नदीकाठच्या माणसाला हे कागदाशिवाय सांगता येईल. पण पाचवी-सहावीच्या वर्गात हा प्रश्न कागदावर सोडवायला दिला, तर 3 इंचांबरोबर आणखी तीन उत्तरं हमखास येऊ शकतात: 1 फूट 9 इंच, 1 इंच आणि 2 फूट 10 इंच. तपासणारा तिन्हींवर लाल फुली मारतो. घरी वही उघडली की आईवडील म्हणतात, "लक्ष कुठं असतं तुझं?" मग त्याच प्रकारची आणखी दहा गणितं सोडवायला बसवतात, आणि त्या दहांतली बहुतेक पुन्हा चुकतात.

असं का होतं आणि यावर काय करता येतं, ते या लेखात बघू. उपाय ऐकायला अगदी साधा आहे. मुलाला गणित पुन्हा सोडवू द्यायचं आणि सोडवताना मनात जे चाललंय ते मोठ्यानं बोलायला सांगायचं. करायला मात्र तो वाटतो तितका सोपा नाही.

## उत्तर एक, वाटा दोन

1 फूट 9 इंच लिहिणारी दोन मुलं घेऊ. कागदावर दोघांची चूक एकच आहे. आता दोघांना बोलतं करू.

पहिला म्हणतो, "दोनातनं अकरा जात न्हाईत. मग अकरातनं दोन घालवले, नऊ. चाळीसातनं एकोणचाळीस गेले, एक. एक फूट नऊ इंच."

त्याची चूक दुसऱ्याच वाक्यात सुरू झाली. वरच्या आकड्यातून खालचा जात नाही हे त्यानं बरोबर ओळखलं, पण तिथं शेजारून उसनं घेण्याऐवजी त्यानं आकड्यांची अदलाबदल केली. ही चूक शिक्षणशास्त्रात फार जुनी आणि नीट अभ्यासलेली आहे. 1978 मध्ये जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांची मोठी यादी केली, त्यात 'प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करणे' ही ठळक होती. त्यांचा मुद्दा असा, की मूल बहुतेक वेळा अंदाधुंद चुकत नाही. त्याच्याकडे एक नियम असतो आणि तो ते इमानेइतबारे पाळतं. फक्त तो नियमच चुकीचा असतो.

दुसरी म्हणते, "चाळीस फूट दोन इंच, म्हणजे चाळीस पॉइंट दोन. एकोणचाळीस पॉइंट अकरा वजा करायचे. पॉइंटनंतरची घरं सारखी करायला शून्य लावलं, चाळीस पॉइंट वीस. विसातनं अकरा गेले, नऊ. चाळीसातनं एकोणचाळीस गेले, एक. एक पॉइंट शून्य नऊ. म्हणजे एक फूट नऊ इंच."

या पोरीची वजाबाकी अगदी स्वच्छ आहे. 40.20 मधून 39.11 गेले की 1.09 च उरतात. दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह मांडणं, कमी पडलेल्या घरात शून्य लावणं, सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. चूक झाली ती वजाबाकीच्या कितीतरी आधी, पहिल्याच वाक्यात: फूट आणि इंच यांच्यामध्ये तिनं दशांश चिन्ह ठेवलं. दशांश चिन्हानंतरचं पहिलं घर हा एकाचा दहावा भाग असतो, आणि इंच हा फुटाचा बारावा भाग. तिथं गाडी रुळावरून उतरली, पुढचा सगळा प्रवास व्यवस्थित झाला.

आता या दोघांना एकच औषध देऊन बघा. "उसनं घ्यायला शिका" म्हणून वजाबाकीची वीस गणितं दिली, तर पहिल्याला थोडा उपयोग होईल. दुसरीला शून्य उपयोग, कारण तिला उसनं घेता येतंच. तिच्या वीसच्या वीस वजाबाक्या बरोबर येतील, बाई खूश होतील, आणि पुढच्या आठवड्यात फूट-इंचांचं गणित पुन्हा चुकेल.

## बाकीची दोन उत्तरं

1 इंच लिहिणारा तिसरा असं बोलतो: "दोनातनं अकरा जात न्हाईत. चाळीसाकडनं एक उसना घेतला, बारा झाले. बारातनं अकरा गेले, एक. तिकडं एकोणचाळीसातनं एकोणचाळीस, शून्य. एक इंच."

इथं "बारा झाले" या दोन शब्दांवर बोट ठेवा. उसना घेतलेला एक फूट म्हणजे 12 इंच. आधीचे 2 धरून 14 व्हायला हवे होते. त्यानं उसन्याचे दहाच धरले, कारण आजवर प्रत्येक वजाबाकीत उसना म्हणजे दहाच होता. गंमत म्हणजे त्याला मध्येच विचारलं, "एका फुटात किती इंच?" तर तो ताडकन "बारा" सांगेल. माहिती त्याच्याकडे आहे, पण त्या पायरीवर ती हाताशी आली नाही. त्याला कोष्टक पुन्हा पाठ करायला लावणं म्हणूनच फुकट आहे. त्यानं उसना घेताना दरवेळी "कशाचा एक घेतला, त्याचे इकडं किती झाले?" हे मोठ्यानं म्हणायचं, एवढी एक सवय त्याला पुरते.

2 फूट 10 इंच लिहिणारी चौथी म्हणते, "धोका त्रेचाळीसला हाय. आत्ता चाळीस फूट दोन इंच झालंय. अजून दोन फूट दहा इंच वाढलं की धोका." तिचं अंकगणित चौघांत सर्वांत पक्कं आहे. 43 फुटांतून 40 फूट 2 इंच वजा करताना तिनं फुटाचे 12 इंच बरोबर सुटे केले. फक्त तिनं उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं. पुराच्या दिवसांत घरात जो प्रश्न रोज कानावर पडतो, तो तिनं या गणितात वाचला. तिला गणित नव्हे, प्रश्नातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला द्यायला हवं.

अशा चुकांसाठी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी 1977 मध्ये पाच टप्पे मांडले, आणि आजही शाब्दिक गणितासाठी ते कामाचे आहेत. मुलाला प्रश्न वाचता आला का, त्याचा अर्थ कळला का, कोणती क्रिया करायची हे ठरवता आलं का, ती क्रिया नीट झाली का, आणि शेवटी आलेलं उत्तर प्रश्नाला धरून लिहिलं का. आपली चौथी दुसऱ्या टप्प्यावर अडली. दुसरी मुलगी तिसऱ्यावर, म्हणजे शब्दांतून गणित मांडताना. पहिला आणि तिसरा चौथ्या टप्प्यावर. लाल फुली मात्र चौघांना सारखीच.

गुळाची ढेप नरम पडली तर नुसती ढेप बघून कारण सांगता येत नाही. ऊस कोवळा होता, मळी नीट निघाली नव्हती, की काहील लवकर उतरवली, हे रस शिजत असताना गुऱ्हाळात उभा असलेला गुळव्याच सांगू शकतो. कागदावरचं उत्तर ही ढेप आहे. मूल बोलत सोडवतं तेव्हा आपण काहिलीपाशी उभे असतो.

## कागद नीट तपासला तर हेच कळणार नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. अनुभवी शिक्षक उत्तर बघून बरंच ओळखतात, आणि मुलांनी कच्चं काम पानावर ठेवलं असेल तर आणखी. पण त्याला एक मर्यादा आहे, ती आकडे बदलले की दिसते.

समजा दुसरा प्रश्न दिला: पाणी 40 फूट 8 इंचांवरून 41 फूट 3 इंचांवर गेलं. बरोबर वाढ 7 इंच. पहिला आपल्या नियमानं आठातून तीन घालवेल, उत्तर 1 फूट 5 इंच. पॉइंटवाली मुलगी 41.3 मधून 40.8 वजा करेल, 0.5 उरेल आणि ती 5 इंच लिहील. उसन्याचे दहा धरणारा तेरातून आठ घालवेल, त्याचेही 5 इंच.

म्हणजे पहिल्या प्रश्नात पहिला आणि दुसरी एकाच उत्तरावर होते. आता दुसरी आणि तिसरा एका उत्तरावर आले. आकडे बदलले की कोण कुणासारखं दिसेल ते बदलतं. कागदावरून निदान करायचं तर असे बरेच प्रश्न मुद्दाम रचावे लागतील आणि उत्तरं एकमेकांशी ताडून बघावी लागतील. बोलतं केलं की दोन मिनिटांत उलगडा होतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसारखं जिथं पर्यायाचा गोल काळा करायचा असतो, तिथं तर कच्चं कामही मागे राहत नाही. त्या उत्तरपत्रिकेवरून किती चुकलं ते कळतं, कुठं ते नाही.

## आणि उत्तर बरोबर असेल तर?

हा भाग सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि खरं तर सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

आपल्या पॉइंटवाल्या मुलीला विचारा: 4.63 मोठा की 4.8? ती म्हणेल 4.63, "कारण त्रेसष्ट आठापेक्षा मोठे." तिच्या लेखी टिंबाच्या अलीकडे एक संख्या, पलीकडे दुसरी, आणि टिंब म्हणजे मधलं कुंपण. ही कल्पना तिनं हवेतून काढलेली नाही. क्रिकेटमध्ये 4.5 षटकं म्हणजे चार षटकं आणि पाच चेंडू. एसटीची वेळ आपण 9.30 लिहितो, म्हणजे साडेनऊ. रोजच्या जगात टिंब बहुतेक वेळा कुंपणाचंच काम करतं. दशांश अपूर्णांकात ते तसं नसतं. तिथं 4.8 मधले 8 हे दशांश आहेत, म्हणजे 80 शतांश, आणि 4.63 मधले 63 हे शतांश आहेत.

आता दुसरा एक मुलगा घ्या. तो म्हणतो 4.8 मोठा. उत्तर बरोबर, बाई पुढं सरकतात. पण त्याला बोलू दिलं तर तो म्हणतो, "पॉइंटनंतर एकच आकडा हाय म्हणून. दशांश मोठा असतो, शतांश त्याहून बारीक." दशांश शतांशापेक्षा मोठा असतो हे खरंच आहे. पण 4.8 आणि 4.63 यांतला मोठा ठरवायला तेवढं पुरत नाही, कारण तुकडा किती मोठा याबरोबर असे तुकडे किती, हेही बघावं लागतं. याला 5.62 आणि 5.736 द्या. तो ठामपणे 5.62 मोठा सांगेल, कारण सहस्रांश आणखी बारीक.

वर्गात दशांशांची तुलना शिकवताना जी उदाहरणं नेहमी येतात, ती या दोघांनाही झाकतात. 2.36 आणि 2.41 यांत टिंबानंतर दोन्हीकडे दोन-दोनच आकडे आहेत, तिथं दोघांचंही उत्तर बरोबर येतं. 0.5 आणि 0.25 असा प्रश्न असेल तर मुलगी चुकते, मुलगा बरोबर ठरतो. एखाद्या चाचणीत योगायोगानं सगळ्या जोड्या या दुसऱ्या प्रकारच्या आल्या, तर एक चुकीचा नियम घेऊन बसलेल्या मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

हे फक्त कल्पनेतलं नाही. 1973 मध्ये स्टॅन्ली अर्लवँगर यांनी बेनी या नावानं प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या सहावीच्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या मुलाखती छापल्या. तो ज्या स्वयंअध्ययन कार्यक्रमात शिकत होता, त्याच्या चाचण्या तो पार करत होता आणि शिक्षिकेच्या लेखी गणितात चांगला होता. बोलता बोलता कळलं की त्याच्या मते 2/10 म्हणजे 1.2. अंश आणि छेद यांची बेरीज करायची, बारा, आणि मध्ये टिंब द्यायचं. म्हणून 4/11 आणि 11/4 हे दोन्ही त्याच्यासाठी 1.5 होते. एक अपूर्णांक एकापेक्षा लहान आणि दुसरा दोनापेक्षा मोठा, तरी दोन्ही सारखे यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. गणित म्हणजे कुणीतरी ठरवलेल्या नियमांचा खेळ, अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

तेव्हा बरोबर उत्तरांवरही "कसं केलंस?" विचारायला हवं. याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. फक्त चुकल्यावरच विचारलं, तर मुलं आठवडाभरात शहाणी होतात. "कसं केलंस?" ऐकलं की उत्तर खोडायचं, एवढंच ती त्यातून शिकतात.

## विचारायचं कसं

मुलाच्या समोर नको, शेजारी बसा. त्याचं चुकलेलं उत्तर पुढ्यात ठेवून "हे कसं आलं?" असं विचारू नका, कारण मग ते स्पष्टीकरण देत नाही, बचाव करतं. वही उलटी ठेवा, कोरा कागद द्या आणि तेच गणित पहिल्यापासून सोडवायला सांगा. सांगायचं एवढंच: "घाई नाही. करताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोल. मला समजावून सांगू नकोस, स्वतःशी बोलल्यासारखं बोल."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मनातलं बोलणं आणि समजावून सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी 1980 च्या सुमारास यावर सविस्तर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस डोक्यात आत्ता जे चाललंय ते नुसतं बोलून दाखवतो, तेव्हा विचारांची गती थोडी मंदावते, पण वाट फारशी बदलत नाही. "का?" विचारलं की मात्र तो कारण शोधायला लागतो आणि विचारांची वाटच बदलते. म्हणून गणित संपेपर्यंत "का" नको. संपल्यावर विचारा.

काही मुलांना हे बोलणं विचित्र वाटतं, ती गप्प बसतात. त्यांना आधी सराव म्हणून घरातल्या खिडक्या मोजायला सांगा, पण मोठ्यानं: "पुढच्या खोलीत दोन, स्वयंपाकघरात एक..." संशोधकही असाच सराव देतात. बरोबर-चूक काही नसल्यानं जीभ मोकळी होते.

मूल मध्येच थांबलं तर थांबू द्या. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं वर्गांत वेळ मोजून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद वाट बघतात. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांबतात आणि "मला माहीत नाही" कमी होतं. बोलत सोडवताना त्याहून थोडं जास्त थांबावं लागतं. तरीही शांतताच असेल तर "बोलत राहा" एवढंच म्हणा. अडलं असेल तर त्याचंच शेवटचं वाक्य परत म्हणा: "दोनातनं अकरा जात नाहीत..." आणि पुढचं त्याला बोलू द्या.

ऐकताना त्याचे शब्द जसेच्या तसे टिपा. आपल्या भाषेत सारांश लिहिला की नेमकी कामाची गोष्ट गळून जाते. "उसनं घेताना चुकला" असं टिपलं तर पहिला आणि तिसरा एक होऊन गेले. "अकरातनं दोन घालवले" आणि "उसना घेतला, बारा झाले" असं टिपलं तर ते वेगळे राहिले.

यात सगळ्यांत जास्त वेळा बिघडतं ते मोठ्यांच्या मदतीनं. मूल "दोनातनं अकरा..." म्हणून थबकतं आणि बाई कळवळून म्हणतात, "उसना घ्यायचा विसरलास ना?" मूल "व्हय" म्हणतं. मोठ्या माणसाच्या अशा प्रश्नाला कोल्हापुरातलंच काय, कुठलंही मूल होच म्हणणार. त्या क्षणी निदान संपलं. आता तुमच्याकडे मुलाचा विचार नाही, तुमचाच अंदाज त्याच्या तोंडून परत आलेला आहे. मान डोलावणं, भुवई उंचावणं, चुकीच्या पायरीवर पेन खाली ठेवणं हेसुद्धा तेच करतं. चूक डोळ्यांसमोर होताना गप्प बसणं शिक्षकाला फार जड जातं, पण पहिली दोन मिनिटं तेवढंच काम आहे.

## मूल सांगतं ते खरंच असेल कशावरून?

मूल नंतरचं कारण रचू शकतं. मोठी माणसंही रचतात. उत्तर येऊन गेल्यावर "तू असं का केलंस?" विचारलं तर ही शक्यता जास्त, सोडवता सोडवता बोललं तर कमी. तरीही बोलण्यावर आंधळा विश्वास ठेवायचं कारण नाही, कारण ते तपासता येतं.

मुलाच्या बोलण्यातून जो नियम दिसला, तो आधी स्वतःच्या कागदावर लिहा. मग एक नवा प्रश्न घ्या आणि त्या नियमानं कोणतं चुकीचं उत्तर येईल तेही आधीच लिहून ठेवा. पहिल्या मुलासाठी: 40 फूट 8 इंचांवरून 41 फूट 3 इंच, अपेक्षित उत्तर 1 फूट 5 इंच. आता प्रश्न द्या. त्यानं नेमकं तेच लिहिलं तर तुमचं निदान पक्कं. वेगळंच काही लिहिलं, किंवा बरोबर उत्तर दिलं, तर पुन्हा ऐका.

याच चाचणीतून निष्काळजीपणाही वेगळा काढता येतो. ज्याला आपण "नुसतं दुर्लक्ष" म्हणतो ती चूक बहुधा पुन्हा तशीच होत नाही. शिवाय मोठ्यानं बोलताना मूल स्वतःच अडखळतं: "बारातनं... न्हाई थांबा, फूट हाय, चौदा." नियमच चुकीचा असेल तर ते न अडखळता, छाती पुढं काढून चुकतं. तो आत्मविश्वास ऐकू आला की दुर्लक्षाची सबब बाजूला ठेवावी.

काही गोष्टी मात्र बोलण्यात येतच नाहीत. पाठ झालेली गोष्ट पायऱ्यांशिवाय येते. सात आठे छप्पन्न कुठून आले हे कुणी सांगू शकत नाही, आणि एखाद्यानं चोपन्न म्हटलं तर तिथं विचारांची पायरी शोधण्यात अर्थ नाही, पाढा कच्चा आहे एवढंच. भूमितीतही मूल आकृती मनात फिरवतं तेव्हा शब्द कमी पडतात. तिथं बोलण्यापेक्षा बोटानं दाखवू देणं किंवा काढू देणं बरं.

## चाळीस मुलांच्या वर्गात कधी करायचं?

सगळ्यांचं करायचं नाही. वरच्यासारखा एक नेमका प्रश्न वर्गाला लेखी द्या. उत्तरांचे गठ्ठे करा: 3 इंच, 1 फूट 9 इंच, 1 इंच, इतर. 1 फूट 9 इंचांच्या गठ्ठ्यात समजा सहा जण आले, तर एकाचं ऐकून सहांवर शिक्का मारू नका, कारण त्याच गठ्ठ्यात दोन वाटा आहेत हे आपण बघितलं. त्या सहा जणांना प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे बारा मिनिटं लागतात. बाकी वर्ग त्या वेळात दुसरं काही करू शकतो. 3 इंचांच्या गठ्ठ्यातलेही दोघं-तिघं उचला, त्यांचं कारण आधी सांगितलंच आहे.

घरी तर गर्दीचा प्रश्नच नाही. अडचण वेगळी असते. आईवडिलांना मुलाचं बोलणं ऐकताना आपली जुनी पद्धत आठवते, आणि "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणत ते कागद ओढून घेतात. पेन मुलाच्याच हातात राहू द्या, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

चुकीची पायरी सापडल्यावर ती एकदा सांगून सुटते असंही नाही. वजाबाकीच्या चुकांवर पुढं काम करणाऱ्या कर्ट व्हॅनलेन यांना असं दिसलं, की मुलांचे चुकीचे नियम नेहमी स्थिर नसतात. अडल्या जागी मूल आज एक पळवाट काढतं, चार दिवसांनी दुसरी. अकरातून दोन घालवणारा तुमचं ऐकून उसना घ्यायला लागेल आणि मग त्याचे दहा धरून 1 इंच लिहील. फुली परत आली म्हणून तो जागचा हलला नाही असं समजू नका. तो पहिल्या मुलाच्या पायरीवरून तिसऱ्याच्या पायरीवर आलाय, आणि आता त्याला उसना घेणं नव्हे, फुटाचे बारा इंच शिकवायचे आहेत. पंधरा दिवसांनी नवे आकडे घ्या, 38 फूट 10 इंचांवरून 39 फूट 4 इंच, आणि पुन्हा बोलत सोडवायला सांगा. 6 इंच आलं तर "उसना घेतला, इंच किती झाले?" एवढंच विचारा. "सोळा" म्हणाला तर बारा त्याच्या हाताशी आलेत.